डावा कान, डावी कड

सोलापूर शहरातून दक्षिणेकडे विजापूरला जाणारा रस्ता आहे. त्या रस्त्याच्या पूर्वेकडच्या कडेला उभे राहा आणि विजापूरकडे निघालेली एस. टी. समोरून जाऊ द्या. ती तुमच्या उजवीकडून येईल आणि डावीकडे निघून जाईल. आता जपून रस्ता ओलांडा, पश्चिमेकडच्या कडेला उभे राहा आणि विजापूरलाच जाणाऱ्या दुसऱ्या एस. टी.ची वाट पाहा. ही गाडी डावीकडून येईल आणि उजवीकडे जाईल. दोन्ही गाड्या विजापूरलाच गेल्या. तुम्ही मात्र वीसपंचवीस पावले चाललात आणि तेवढ्याने डाव्याचे उजवे झाले.

यात नवल कसले, असे तुम्ही म्हणाल. रस्त्यावर उभे असताना खरोखरच नवल नाही, कारण आपण रस्ता ओलांडला हे आपल्या पायांना माहीत असते. पण तुमच्या जागी कॅमेरा होता असे समजा. त्याने दोन्ही ठिकाणांहून एकेक चित्र घेतले आणि ती दोन चित्रे एकामागून एक जोडून अंधाऱ्या खोलीत पडद्यावर दाखवली. पाहणाऱ्याचे पाय कुठेच गेलेले नाहीत, तो खुर्चीत बसलेला आहे. त्याला दिसते ते एवढेच, की एक गाडी डावीकडे गेली आणि लगेच एक गाडी उजवीकडे आली. तो आपल्या मनाशी सरळ निष्कर्ष काढतो की गाडी काही कारणाने मागे फिरली.

चित्रपटातील पाठलागात ही गोष्ट फार महागात पडते. पाठलागाचे दृश्य वीसतीस तुकडे जोडून बनते. प्रत्येक तुकड्याला शॉट म्हणतात. एका शॉटमध्ये पळणारा, दुसऱ्यात पाठलाग करणारा, तिसऱ्यात दोघे, असे ते चालते. त्यात एक जण डावीकडे आणि दुसरा उजवीकडे पळताना दिसला, तर पाहणाऱ्याला तो पाठलाग वाटतच नाही. बऱ्याच दिवसांनी भेटणारे दोन मित्र एकमेकांकडे धावत आहेत असे वाटते! आणि ही चूक ध्यानात येते ती बहुधा उशिरा, सगळे चित्रण संपवून तुकडे जोडायला बसल्यावर. तोवर कपडे परत गेलेले असतात, पोरे परीक्षेला लागलेली असतात आणि ज्या मोकळ्या जागेतून पळापळ झाली तिथे कोणी विटा आणून टाकलेल्या असतात.

म्हणून पाठलाग आधी कागदावर चित्रांत मांडायचा असतो. अशा चित्रांच्या ओळीला चित्रपटवाले स्टोरीबोर्ड म्हणतात, आपण चित्रफलक म्हणू. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत डिस्नेच्या स्टुडिओत अशी चित्रे टाचण्यांनी भिंतीवर लावण्याची पद्धत रुळली. टाचणी काढून चित्राची जागा बदलता येते, ही त्यातली खरी सोय. आपल्याकडे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हे मुळात चित्रकार होते आणि चित्रीकरणाआधी वेशभूषेची व प्रसंगांची रेखाटने करीत. ‘पथेर पांचाली’ (१९५५) काढण्यापूर्वी सत्यजित राय यांनीही त्याची चित्रांची वही भरली होती. तुम्हाला मात्र चांगले चित्र काढता येण्याची गरज नाही. काड्यांची माणसे चालतील. दिशा दाखवणारे बाण तेवढे बरोबर हवेत.

आता एक पाठलाग घेऊन तो शेवटपर्यंत आखून पाहू. जागा जुळे सोलापूर. विजापूर रस्त्याच्या पूर्वेला पसरलेल्या या भागात आखीव प्लॉटच्या वसाहती आहेत. सरळ गल्ल्या, काटकोनात मिळणारे आडवे रस्ते, दोन्ही बाजूंना फाटकांची घरे, मध्येच एखादा न बांधलेला मोकळा प्लॉट. राहायला हे सोयीचे आहे, पण पाठलागाच्या दृष्टीने इथे एक अडचण आहे. एक गल्ली दुसरीची जुळी बहीण दिसते! जुन्या सोलापुरात किल्ल्याचा बुरूज किंवा एखादे देऊळ मागे दिसले की आपण कुठे आहोत हे पाहणाऱ्याला कळेल. इथे तशी खूण मिळाली नाही तर त्याच्या हाती उरते फक्त डावे आणि उजवे. तेही गडबडले की तो हरवलाच.

गोष्ट साधी ठेवू. बंड्याने ताईचे प्रगतिपुस्तक पळवले आहे. त्यात गणिताचे गुण काही फार बरे नाहीत. विजापूर रस्त्यावर सैफुलच्या बाजूला बाबा बसमधून उतरणार आहेत. त्यांच्या हाती ते पुस्तक पडण्याआधी ताईला बंड्याला गाठायचे आहे. बंड्याचा मार्ग असा: घराच्या फाटकातून बाहेर, गल्लीने सरळ पश्चिमेला, मग डावीकडे वळून आडव्या रस्त्याने दक्षिणेला, मग उजवीकडे वळून दुसऱ्या गल्लीने पुन्हा पश्चिमेला, थेट मोठ्या रस्त्यापर्यंत.

चित्रे काढण्याआधी वहीच्या पानावर या मार्गाचा वरून दिसणारा नकाशा काढा. उत्तर दिशा वर ठेवा. बंड्याच्या मार्गाची एक ठळक रेषा ओढा. हीच या लेखातील सर्वांत महत्त्वाची रेषा. जमिनीवर ती कुठेच नसते, पण कॅमेरा तिच्या कोणत्या बाजूला उभा आहे यावर पडद्यावरची दिशा ठरते.

ती कशी ठरते, हे पाहू. बंड्या सेकंदाला ५ मीटर वेगाने पळतो आहे असे समजा. कॅमेरा ज्या दिशेला रोखलेला आहे ती एक दिशा आणि बंड्या ज्या रेषेवर पळतो ती दुसरी. या दोहोंमधील कोन ९० अंशांचा असेल, म्हणजे तो कॅमेऱ्यासमोरून आडवा जात असेल, तर त्याचा सगळा वेग पडद्यावर आडवा दिसतो. कोन कमी झाला की आडवा वेग कमी होतो. दहावीच्या त्रिकोणमितीत तुम्ही साइन शिकता, तेच इथे लागू पडते: आडवा वेग म्हणजे मूळ वेग गुणिले त्या कोनाचे साइन. ३० अंशांचे साइन अर्धे, म्हणून ३० अंशांवर आडवा वेग सेकंदाला अडीच मीटर. चौकटीत दहा मीटर रुंदीचा रस्ता मावत असेल, तर आडवा पळणारा बंड्या ती दोन सेकंदांत ओलांडील. ३० अंशांवर त्याला सुमारे चार सेकंद लागतील, आणि तेवढ्या वेळात तो लहानाचा मोठा किंवा मोठ्याचा लहान होताना दिसेल.

कोन शून्य झाला, म्हणजे बंड्या सरळ भिंगाकडे किंवा भिंगापासून दूर पळू लागला, की आडवा वेगही शून्य होतो. तो डावीकडेही जात नाही आणि उजवीकडेही नाही. कॅमेरा आणखी सरकला आणि रेषेच्या पलीकडे गेला, की साइनचे चिन्ह पालटते. अधिकाचे उणे होते आणि पडद्यावर डाव्याचे उजवे. चित्रपटवाले ज्याला १८० अंशांचा नियम म्हणतात तो एवढाच आहे: रेषेच्या एका बाजूच्या अर्धवर्तुळात कॅमेरा कुठेही ठेवा, दिशा तीच राहील. रेषा ओलांडली की ती उलटेल.

मात्र चित्रण करताना नकाशा काढून कोन मोजायला कोणाला सवड असते? त्यासाठी एक सोपी खूण आहे. कॅमेरा पळणाऱ्याच्या डाव्या हाताला असेल, तर पळणारा पडद्याच्या डाव्या कडेकडे जातो. उजव्या हाताला असेल, तर उजव्या कडेकडे. पुढून घ्या, बाजूने घ्या की मागून घ्या, हे बदलत नाही. आणि कॅमेरा डाव्या हाताला असला की त्या माणसाचा डावा कान दिसतो. म्हणून चित्रफलकावरच्या काडीच्या माणसालाही एक कान काढावा. सगळ्या चौकटींत डावा कान दिसत असेल, तर सगळे डावीकडेच पळत आहेत. बाण चुकून उलटा काढला जाऊ शकतो, पण कान सहसा उलटा काढला जात नाही. एखाद्या चौकटीत बाण आणि कान यांचे पटत नसेल, तर ती चौकट पुन्हा काढावी.

आपल्या पाठलागासाठी डावा कान पक्का करू. बंड्या पश्चिमेला पळताना त्याचा डावा हात दक्षिणेला येतो, म्हणून गल्लीत कॅमेरा दक्षिणेच्या कडेला उभा राहून उत्तरेकडे पाहील. याचा आणखी एक फायदा आहे. सोलापूर सुमारे पावणेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात तिथे भर दुपारीही सूर्य डोक्यावर येत नाही, दक्षिणेच्या आकाशात सुमारे ४९ अंशांवर राहतो. म्हणजे उत्तरेकडे पाहणाऱ्या कॅमेऱ्याच्या तो पाठीशी येतो आणि पोरांचे चेहरे उजळतात. हेच चित्रण मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी केले, तर सूर्य अगदी माथ्यावर असतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात. रेषेची बाजू ठरवताना सूर्याचा विचार आधीच केलेला बरा, कारण रेषा ओलांडण्याचा मोह बहुतेक वेळा उन्हामुळेच होतो. “इकडून तोंडावर ऊन येतंय, पलीकडून घेऊ या,” असे कोणी म्हटले की समजावे, घोटाळा जवळ आला.

आता चौकटी. आठ सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच अशा चौकटी आखल्या की त्या हल्लीच्या रुंद पडद्याच्या प्रमाणात बसतात. माणसाच्या हालचालीचा बाण चौकटीच्या आत काढा. कॅमेरा स्वतः हलणार असेल, तर त्याचा बाण चौकटीच्या बाहेर काढा. हे दोन बाण एकत्र केले की नंतर आपले आपल्यालाच कळत नाही. प्रत्येक चौकटीला क्रमांक द्या आणि नकाशावर कॅमेऱ्याच्या जागी तोच क्रमांक लिहा.

पहिली चौकट घराच्या फाटकाची. कॅमेरा गल्लीच्या दक्षिण कडेला, घर उत्तरेच्या रांगेत. बंड्या फाटकातून बाहेर येतो, डावीकडे वळतो आणि डाव्या कडेने चौकटीबाहेर जातो. चौकट तशीच राहते. एक, दोन, तीन मोजेपर्यंत कोणी नाही. मग ताई येते, इकडेतिकडे पाहते आणि तीही डावीकडे जाते. हे तीन आकडे चित्राखाली लिहून ठेवा. सेकंदाला ५ मीटर वेगाने तीन सेकंद म्हणजे दोघांत १५ मीटरांचे अंतर आहे. दिशेइतकेच हे अंतरही पाहणारा मनात धरून बसतो. पुढच्या चौकटींत ते तीनाचे दोन आणि दोनाचा एक होत जावे. ते मध्येच पाचावर गेले, तर ताई वाटेत पडली की काय, अशी शंका येते.

दुसऱ्या चौकटीत बंड्या पुढून आणि किंचित बाजूने, पुस्तक छातीशी धरलेला. तो चौकटीत उजव्या कडेने येतो. पहिल्या चौकटीतून तो डावीकडून बाहेर पडला आहे, म्हणून दुसरीत त्याने उजवीकडूनच आले पाहिजे. दोन चौकटी जणू एकमेकींना चिकटलेल्या दोन खोल्या आहेत आणि मधली भिंत त्या दोहोंची एकच आहे. तिसऱ्या चौकटीत ताई मागून, वेणी उडते आहे, डावा कान दिसतो आहे. पुढून आणि मागून, असे कॅमेऱ्याचे कोन अगदी वेगळे असले तरी दोघे डावीकडेच चालले आहेत.

चौथी चौकट गच्चीवरून. दोघे एकाच चित्रात, मध्ये १५ मीटरांची गल्ली. पाठलागात अशी एखादी चौकट अधूनमधून लागतेच. एकेकट्याच्या चौकटी कितीही झाल्या, तरी कोण पुढे, कोण मागे आणि किती मागे, याचा पुरावा दोघे एकत्र दिसल्याशिवाय मिळत नाही.

नेमकी इथेच चूक होण्याचा संभव असतो. उत्तरेच्या रांगेतली एखादी गच्ची उंच असते, मालक ओळखीचे असतात आणि तिथून गल्ली छान दिसते. पण ती गच्ची रेषेच्या पलीकडे आहे. तिथून दोघे उजवीकडे पळताना दिसतील, उजव्या कानाने. तिसऱ्या चौकटीनंतर ती जोडली तर पाठलाग उलट फिरल्यासारखा वाटेल. मग कोणाला तरी युक्ती सुचते: चित्र आरशासारखे उलटे करून टाकू! संगणकावर ते एका क्षणात होतेही. पण मग दुकानाच्या पाटीवरची अक्षरे उलटी होतात, दुचाकीचा क्रमांक उलटा होतो आणि बंड्याच्या सदऱ्याचा डावा खिसा उजवीकडे जातो. ज्या चित्रात अक्षर नाही, खिसा नाही आणि केसांचा भांगही नाही, त्यालाच ही युक्ती चालते. त्यापेक्षा दक्षिणेच्या रांगेतली बुटकी गच्ची घ्यावी, हे माझे मत.

पाचवी चौकट पहिल्या वळणाची. बंड्या पश्चिमेला पळत होता, आता दक्षिणेला वळेल. वळणावर रेषाही त्याच्याबरोबर वळते. कॅमेरा कुठे ठेवावा? डाव्या कानाचा नियम इथेही उत्तर देतो. डावीकडे वळणाऱ्याचा डावा हात वळणाच्या आतल्या कोपऱ्याकडे असतो. म्हणून कॅमेरा आतल्या कोपऱ्यात ठेवायचा, वायव्येकडे तोंड करून. बंड्या वळण घेण्याआधीही डावीकडे जातो आणि वळण घेतल्यावरही डावीकडेच. बाहेरच्या कोपऱ्यातून तेच वळण घेतले असते, तर आधीही आणि नंतरही तो उजवीकडे गेला असता. सहावी आणि सातवी चौकट आडव्या रस्त्याची. कॅमेरा पूर्वेच्या कडेला, एकाच लिंबाच्या झाडासमोर. आधी बंड्या झाडापुढून जातो, दोन मोजल्यावर ताई. इथे कॅमेरा पश्चिमेकडे पाहतो, तेव्हा हे चित्रण सकाळी उरकावे. दुपार उलटली की सूर्य सरळ भिंगात येतो.

आठवी चौकट दुसऱ्या वळणाची. आता बंड्या उजवीकडे वळणार, म्हणून डावा हात बाहेरच्या कोपऱ्याकडे. आधीच्या वळणाला आतला कोपरा आणि या वळणाला बाहेरचा, हे पाठ करण्यात अर्थ नाही. कान पाहिला की आपोआप कळते.

नवव्या चौकटीत ताई त्या वळणाशी पोचते आणि थांबते. पळून त्याला गाठणे कठीण आहे. भिंतीला शेजाऱ्यांची सायकल टेकलेली आहे. ती सायकल घेते आणि बंड्याच्या मागे न जाता सरळ पुढे, दक्षिणेकडच्या समांतर गल्लीने निघते. दहाव्या चौकटीत दोन्ही गल्ल्या एकत्र दिसायला हव्यात, नाहीतर पुढचे काही कळणार नाही. मध्ये मोकळा प्लॉट असेल अशी जागा शोधा. जवळच्या गल्लीत ताई सायकलवर, प्लॉटपलीकडच्या गल्लीत बंड्या, दोघेही डावीकडे, आणि ताई त्याला मागे टाकते.

आता ताई पुढच्या चौकातून वळसा घालून बंड्याच्या समोरून येणार. म्हणजे तिला पूर्वेला, पडद्यावर उजवीकडे यायचे आहे. आतापर्यंत जे टाळले तेच आता हवे आहे. पण दहाव्या चौकटीनंतर एकदम उजवीकडे जाणारी ताई दाखवली, तर ती घाबरून घरी निघाली असे वाटेल. अधिकापासून उण्याकडे जाताना वाटेत शून्य लागते. ते शून्य पाहणाऱ्याला दाखवावे लागते. म्हणून अकरावी चौकट: कॅमेरा रस्त्याच्या मधोमध, ताईची सायकल सरळ भिंगावर चालून येते. डावे नाही, उजवे नाही, दोन्ही कान सारखे दिसतात. दीडदोन सेकंद पुरेत. तेवढ्यात पाहणाऱ्याच्या मनातली जुनी दिशा पुसट होते आणि नवीन दिशा स्वीकारायला ते मोकळे होते.

या शून्य कोनाच्या शॉटची आणखी एक ताकद आहे. डावीकडे किंवा उजवीकडे जाणारी वस्तू आपल्यासमोरून निघून जाते. शून्य कोनावरची वस्तू आपल्यावर येते. याच सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ या २०१३ सालच्या चित्रपटात डुकरामागे धावणाऱ्या एका कुटुंबाचा लांबलचक पाठलाग आहे आणि गाव उभे राहून तो पाहत असते. चित्रपटाच्या अगदी शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ कॅमेऱ्याकडे येतो. तो दगड पडद्यावर आडवा गेला असता, तर दुसऱ्या कोणाला लागणार म्हणून आपण निवांत पाहिले असते.

आपल्या ताईकडे परत येऊ. बाराव्या चौकटीत ती उजवीकडे जाते, प्रथमच उजवा कान दाखवत. तेराव्या चौकटीत बंड्या अजून डावीकडेच पळतो आहे आणि मागे वळून, म्हणजे पडद्याच्या उजवीकडे, पाहतो. मागे कोणी नाही म्हणून खूश होतो. या दोन चौकटी लागोपाठ आल्या की काय होते? एक उजवीकडे, एक डावीकडे. लेखाच्या सुरुवातीला जी चूक सांगितली, तीच ही जोडी आहे. पण आता ती चूक राहिलेली नाही, बातमी झाली आहे. दोघे समोरासमोर येणार हे पाहणाऱ्याला कळले आणि बंड्याला ते अजून माहीत नाही. चौकटी एक सेकंदाच्या, मग अर्ध्या सेकंदाच्या करत गेल्या की पाहणारा खुर्चीच्या कडेवर येतो. मधल्या सगळ्या चौकटींत दिशा काटेकोर सांभाळली, म्हणूनच हे साधले. जिथे सुरुवातीपासूनच दिशा इकडेतिकडे झाल्या आहेत, तिथे उलट दिशेला काही अर्थच उरत नाही.

चौदावी चौकट बाबांची. ते बसमधून उतरून मोठ्या रस्त्याच्या कडेला उभे आहेत. ते काही पळत नाहीत, पण त्यांच्या नजरेलाही दिशा आहे. मुले त्यांच्या पूर्वेला आहेत, म्हणून त्यांनी पडद्याच्या उजवीकडे पाहायला हवे. डावीकडे पाहिले, तर ते दुसऱ्याच कोणाची वाट पाहत आहेत असे दिसेल. उभ्या माणसाच्या नजरेचाही छोटा तुटक बाण काढण्याची सवय ठेवावी. पंधराव्या चौकटीत सगळे एकत्र: आडवी घातलेली सायकल, करकचून थांबलेला बंड्या आणि लांब मागे, डाव्या कोपऱ्यात, पिशवी घेतलेले बाबा.

तुमच्यापैकी एखादा चित्रपटवेडा म्हणेल, की मोठमोठे दिग्दर्शक हा नियम मोडतात. खरे आहे. जॉन फोर्ड यांच्या ‘स्टेजकोच’ (१९३९) या प्रसिद्ध चित्रपटात घोडागाडीच्या पाठलागात कॅमेरा अनेकदा रेषेपलीकडे गेला आहे आणि तरीही पाहणारा गोंधळत नाही. पण तिथे काय काय आहे ते पाहा. मैदान उजाड आणि सपाट आहे. पुढे सहा घोड्यांची एकच गाडी आणि मागे स्वारांचा जमाव, त्यामुळे कोण कोण हे एका क्षणात ओळखू येते. दोघेही वारंवार एकाच चौकटीत दिसतात. वळायला कोपराही नाही. आपल्याकडे सारख्या गल्ल्या आणि एकाच शाळेच्या गणवेशातली दोन मुले. निदान ताईला वेगळ्या रंगाचा फ्रॉक घाला, म्हणजे थोडी सूट मिळेल.

चित्रफलक पुरा झाला की त्याची परीक्षा घ्यायला पाच मिनिटे पुरतात. पंधरा चौकटी भिंतीवर एका ओळीत लावा आणि चार हात मागे जाऊन डोळे किलकिले करा, म्हणजे चित्रे पुसट होतात आणि ठळक बाण तेवढे उरतात. आपल्या फलकावर दहाव्या चौकटीपर्यंत सगळे बाण डावीकडे, अकराव्यात बाण सरळ तुमच्याकडे आणि नंतर एक उजवीकडे, एक डावीकडे, असे दिसले पाहिजे. मग ही गोष्ट माहीत नसलेल्या एखाद्या मित्राला बोलवा. त्याला एक अक्षरही न सांगता सगळ्या चौकटी क्रमाने दाखवा आणि शेवटी वहीचे कोरे पान पुढे करून बंड्या आणि ताई कोणत्या वाटेने गेली त्याचा नकाशा काढायला सांगा. त्याचा नकाशा तुमच्या नकाशाशी जुळला, तर कॅमेरा घेऊन निघायला हरकत नाही. त्याने बंड्याला जिथे मागे फिरवले असेल, त्याच्या अलीकडची चौकट काढून पाहा. बहुतेक तिथे उजवा कान सापडेल.